भीतीला तीन मिनिटं

देशातल्या ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आयुष्यात एकदा तरी तपासून घेतलेल्या महिला शंभरात दोनसुद्धा नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा १.९ टक्के निघाला. आणि त्याच्या वीसेक वर्षं आधी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवमधल्या खेड्यापाड्यांत याच तपासणीचं बोलावणं गेलं, तेव्हा शंभरातल्या जवळपास ऐंशी जणी आल्या होत्या.

टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून तिथे मोठा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ महिलांची चार गटांत विभागणी झाली. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथ्या गटाला आजाराची आणि तपासणी कुठे होते याची माहिती दिली, बाकी नेहमीच्या सोयींवर सोडलं. २००९ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते आणि चौथ्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे होते.

या आकड्यांमधून वैद्यकशास्त्राने काय घ्यायचं ते घेतलं. आरोग्यशिक्षणाचं काम करणाऱ्यांनी मात्र त्यात आणखी एक गोष्ट पाहायला हवी. माहिती चौथ्या गटालाही मिळाली होती. पण पहिल्या तीन गटांतल्या बाईच्या दारापर्यंत माणूस आला, तपासणी जवळ आली आणि काही सापडलं तर पुढचे उपचार कुठे होणार हे आधीच ठरलेलं होतं. आजही गावोगावी जागृती कार्यक्रम होतात, आणि त्यातले बरेचसे चौथ्या गटासारखे असतात. आजाराचं चित्र, लक्षणांची यादी, टाळ्या, चहा. तपासणीच्या खोलीत मात्र कोणी पोचत नाही.

असं का होतं, हा प्रश्न अमेरिकेत १९५०च्या दशकातच पडला होता. तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने क्षयरोगासाठी छातीचे एक्स-रे फुकट काढून द्यायला फिरत्या गाड्या वस्त्यांमध्ये नेल्या. पैसे नाहीत, लांब जायचं नाही, तरी लोक येईनात. खात्यातल्या गॉडफ्री हॉकबाम या मानसशास्त्रज्ञाने बोस्टन, क्लीव्हलँड आणि डेट्रॉइटमधल्या हजाराहून जास्त लोकांना विचारून पाहिलं. ज्यांना ‘मलाही क्षय होऊ शकतो’ असं वाटत होतं आणि ‘त्रास नसताना एक्स-रे काढला तर फायदा होतो’ हेही पटलं होतं, त्यांच्यातल्या ८२ टक्के लोकांनी आपणहून एक्स-रे काढला होता. दोन्ही पटलेलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होतं.

हॉकबाम, आयर्विन रोझेनस्टॉक, हॉवर्ड लेव्हेन्थल आणि स्टीफन केगेल्स यांच्या कामातून जी मांडणी तयार झाली ती आरोग्य-विश्वास प्रारूप म्हणून ओळखली जाते. नाव भारदस्त असलं तरी आत सहा साधे प्रश्न आहेत. हे मला होऊ शकतं का? झालं तर किती वाईट? सुचवलेला उपाय केला तर खरंच फायदा होतो का? तो करण्यात आडवं काय येतं? आजच करावं असं वाटायला लावणारा धक्का कुठून मिळतो? आणि हे मला जमेल का? शेवटचा प्रश्न बराच उशिरा, १९८८ साली या यादीत आला.

सहा प्रश्नांची ही यादी हाती आली की बहुतेकजण सहाही मुद्द्यांना सारखा वेळ देऊन भाषण तयार करतात. इथेच घसरायला होतं. सहाही गोष्टींचं वजन सारखं नसतं. नॅन्सी जान्झ आणि मार्शल बेकर यांनी १९८४ मध्ये तोवरचे ४६ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा माणूस कृती करेल की नाही हे सांगण्यात सगळ्यात पुढे होते ते अडथळे. आजार किती भयंकर आहे ही जाणीव सगळ्यात मागे पडली, विशेषतः प्रतिबंधाच्या बाबतीत. म्हणजे आपल्याकडच्या कार्यक्रमांत ज्याला सर्वांत जास्त वेळ मिळतो, त्याचाच उपयोग सर्वांत कमी. कॅन्सर वाईट असतो हे कोणाला सांगावं लागत नाही. ते सगळ्यांना आधीच माहीत असतं.

भीतीचा मराठवाड्यात आणखी एक कडू अनुभव आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा विषय २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. तेव्हा झालेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी बायकांना ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेल्याचं त्यांनीच सांगितलं. अशा भागात जाऊन कोणी फक्त कॅन्सरची भीती घालून परत आलं, तर ती बाई तपासणीला जाईलच असं नाही. ती पिशवी काढायलाही जाऊ शकते.

म्हणून सत्र आखायची सुरुवात पाटी-खडूने करायची नसते, कान उघडे ठेवून करायची असते. बीड-धाराशिव पट्ट्यातलं एक गाव डोळ्यांसमोर आणू. गावातल्या बचत गटात ३० ते ६५ वयाच्या २२ जणी आहेत. सरकारी कार्यक्रमात तपासणीसाठी हाच वयोगट धरलेला आहे आणि ती दर पाच वर्षांनी करायची आहे. गाव आणि पुढचे आकडे कल्पनेतले आहेत, पण असा गट कोणत्याही आशाताईंच्या ओळखीचा असेल.

सत्राच्या आठवडाभर आधी आशाताई गटाच्या बैठकीला झाकण लावलेले दोन डबे घेऊन जातात. झाकणाला चिंचोका जाईल एवढं भोक. एका डब्यावर हिरवा कागद, म्हणजे ‘हो’. दुसऱ्यावर लाल, म्हणजे ‘नाही’. एकेक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येकीने पदराआड मूठ धरून एकेक चिंचोका टाकायचा. हात वर करायला सांगितलं तर सगळ्या शेजारणीकडे बघून करतात. सासू समोर असली तर सून कधीच खरं सांगत नाही. छापील प्रश्नावली भरून घ्यायची तर निम्म्या जणी ती दुसरीकडून वाचून घेतात. चिंचोका कोणाचा हे कोणाला कळत नाही.

वाक्यं त्यांच्याच बोलण्यातली असतात. ‘हा कॅन्सर झाला की माणूस वाचत नाही.’ ‘मला काही त्रास नाही, म्हणजे मला हा आजार नाही.’ ‘हा रोग वाईट चालीच्या बाईला होतो.’ ‘तपासताना फार दुखतं.’ ‘तपासलं की पिशवी काढायला लावतात.’ ‘तपासणी कुठे आणि कधी होते हे मला माहीत आहे.’ प्रत्येक वाक्यानंतर हिरव्या डब्यातले चिंचोके मोजायचे आणि वहीत लिहायचे.

समजा असं निघालं: वाचत नाही, १९. त्रास नाही म्हणजे आजार नाही, १८. वाईट चालीच्या बाईला होतो, ११. फार दुखतं, १७. पिशवी काढायला लावतात, १६. कुठे-कधी माहीत आहे, ३. या सहा आकड्यांतच सत्राचा आराखडा आहे. भीती पुरेशी आहे, जास्तच आहे. त्यावर तीन मिनिटांपेक्षा वेळ घालवायचा नाही. ‘मला होऊ शकतं’ हे जवळपास कोणालाच वाटत नाही, त्याला बारा मिनिटं. तपासणीचा फायदा नेमका काय, त्याला दहा. दुखणं, लाज आणि पिशवी या अडथळ्यांना वीस. उरलेली पंधरा मिनिटं ‘मी कधी आणि कशी जाणार’ यासाठी. एकूण एक तास. शेजारच्या गावात डबे वेगळं काही बोलले तर तिथलं वेळापत्रक वेगळं होईल. एकच छापील भाषण सगळीकडे चालवण्याची सवय इथेच मोडावी लागते.

तीन मिनिटांत काय सांगायचं? एवढंच, की देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास महिलांना हा कॅन्सर होतो, त्यांतल्या बऱ्याच जणी उशिरा येतात म्हणून दगावतात, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. एकोणीस जणींच्या मनात ‘वाचत नाही’ हेच पक्कं बसलेलं असेल, तर शेवटच्या वाक्यावर थांबायचं. मरणारच असेल तर तपासून काय करायचं, असा विचार करणारी बाई तिच्या जागी बरोबरच असते.

पुढची बारा मिनिटं सर्वांत नाजूक. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि तो शरीरसंबंधातून येतो, हे लपवून चालत नाही. पण ते कसं सांगितलं यावर पुढचं सगळं ठरतं. ‘संबंधातून येतो’ एवढंच म्हटलं की अकरा चिंचोक्यांवर शिक्कामोर्तब होतं आणि तपासणीला जाणं म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणं होऊन बसतं. म्हणून आधी हे सांगायचं की लग्न झालेल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतो. शरीर तो दहातल्या नऊ वेळा वर्ष-दोन वर्षांत आपोआप घालवून टाकतं. थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो आणि गर्भपिशवीच्या तोंडाशी हळूहळू बदल घडवत जातो. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. तो कधी आला, कोणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. एकाच नवऱ्याशी तीस वर्षं संसार केलेल्या बाईलाही तो असू शकतो, आणि असला म्हणून नवऱ्यावर आळ घ्यायचं कारण नाही.

हे शेवटचं वाक्य सगळ्या बायकांच्या देखत, मोठ्याने म्हणायचं. नाहीतर सत्र संपल्यावर एखाद्या घरात त्या रात्री भांडण होतं, आणि महिन्याभरात गावात ‘त्या बाईंच्या मीटिंगला जाऊ नका’ असं पसरतं. पुरुषांची छोटी बैठक वेगळी घेतलेली असेल तर उत्तम.

‘त्रास नाही म्हणजे आजार नाही’ या समजुतीवर तोच दहा-वीस वर्षांचा काळ उपयोगी पडतो. एक बाई उठून म्हणते, “मला तर काहीच होत नाही हो ताई, मी कशाला येऊ?” उत्तर असं देता येतं: “म्हणूनच यायचं, मावशी. ज्या वर्षांत काहीच होत नाही ना, त्याच वर्षांत हे पकडता येतं.” आणि याच ठिकाणी एक गोष्ट वेगळी काढून सांगावी लागते. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं असं काही असेल तर शिबिराची वाट पाहायची नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. तपासणी शिबिर हे निरोगी वाटणाऱ्या बाईसाठी असतं. हा फरक न सांगितल्यामुळे लक्षणं असलेली बाई महिनाभर तारखेची वाट पाहत बसते.

फायद्याच्या दहा मिनिटांत मोठ्या गोष्टी करण्यापेक्षा शंभर बायकांचा हिशेब मांडावा. उस्मानाबादच्या अभ्यासात एचपीव्ही चाचणी केलेल्या शंभर जणींपैकी साधारण दहा जणींची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्या दहांतल्या साधारण एकीलाच कॅन्सरच्या आधीचे, उपचार करण्याजोगे बदल होते. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकींना कॅन्सर नव्हता, आणि जिला काही होतं ती कॅन्सरच्या आधीच सापडली. शंभर चिंचोके जमिनीवर मांडून त्यांतले दहा बाजूला काढायचे, त्या दहांतून एक. ‘पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर’ ही धास्ती एवढ्याने बरीचशी जाते. न सांगितली तर मात्र पॉझिटिव्ह आलेली बाई घाबरून पुढच्या तपासणीला येतच नाही, किंवा थेट खासगी दवाखान्यात पिशवी काढून मोकळी होते.

फायदा सांगताना फुगवूही नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जी तपासणी सहज होऊ शकते तिचं नाव व्हीआयए: तीन ते पाच टक्क्यांचं ताजं अॅसिटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातलं आम्ल, गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि तिथे पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख महिलांचा अभ्यास केला. त्यात थोडक्या प्रशिक्षणानंतर आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी केलेल्या अशा तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तो निष्कर्ष २०१४ मध्ये आला. उस्मानाबादेत एकदाच केलेल्या व्हीआयएने मात्र मृत्यूंमध्ये ठाम फरक दिसला नव्हता. तो एचपीव्ही चाचणीने दिसला. तेव्हा ‘एकदा तपासलं की जन्माची चिंता मिटली’ असं म्हणायचं नाही. पाच वर्षांनी पुन्हा यायचं, हे फायद्याच्याच वाक्यात सांगायचं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये जिथे बदल होतात ती जागा आत सरकते आणि डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून त्यांना कदाचित दुसऱ्या तपासणीसाठी पाठवलं जाईल, हेही आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर परत पाठवलेल्या साठीच्या आजी तिथेच ओसरीवर बसून बाकीच्यांना ‘काही करत नाहीत, नुसतं हाकलतात’ असं सांगतात.

आता वीस मिनिटं अडथळ्यांची. इथे बोलण्यापेक्षा दाखवणं जास्त उपयोगाचं. तपासणी करणारी सिस्टर स्वतः सत्राला आलेली असावी. नाव, तोंड, आवाज ओळखीचा झाला की अर्धी लाज गळते. ती तपासणीचं हत्यार, योनीत घालून आतलं तोंड दिसावं म्हणून वापरतात ती दोन पात्यांची चिमटीसारखी वस्तू, पिशवीतून काढते. पहिल्यांदा सगळ्या हसतात, तोंडाला पदर लावतात. मग ती वस्तू हातोहात फिरते. बायका ती उघडझाप करून बघतात, थंडगार आहे म्हणतात, ‘एवढंच का?’ म्हणतात. प्रत्येकीची वेगळी, उकळून निर्जंतुक केलेली किंवा नवीन वापरतात, हे तेव्हाच सांगायचं. मग सिस्टर डाव्या हाताची मूठ सैल वळवते, उजव्या हाताने त्यात ती वस्तू घालून हळूच उघडून दाखवते आणि कापसाचा बोळा लावून घड्याळाकडे बघत एक मिनिट गप्प राहते. ते एक मिनिट सगळ्यांनी मिळून मोजलं की तपासणी किती वेळाची हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग प्रश्न येतात, आणि ते यायलाच हवेत. साडी सोडावी लागते का? नाही, वर घ्यायची, अंगावर चादर असते. पुरुष डॉक्टर असतो का? या केंद्रात सिस्टरच करतात. दुखतं का? दडपल्यासारखं, ओढल्यासारखं वाटतं. तोंडाने श्वास सोडला, अंग सैल सोडलं तर कमी वाटतं. थांबा म्हटलं की थांबतात. ‘अजिबात दुखत नाही’ असं खोटं सांगितलं तर पहिली आलेली बाई बाहेर जाऊन दुखल्याचं सांगते आणि रांग मोडते.

पिशवीच्या भीतीचं उत्तर थेट द्यायचं. पांढरा डाग दिसला आणि तो उपचाराच्या मर्यादेत असला तर तेवढाच भाग गरम टोकाने काही सेकंद जाळून टाकतात. पिशवी जागच्या जागी राहते. मोठा किंवा शंकास्पद असला तर पुढच्या रुग्णालयात मांसाचा कण काढून तपासतात. पिशवी काढण्याचा सल्ला कोणी दिलाच तर तो कागदावर घ्यायचा आणि सरकारी रुग्णालयात दाखवून मगच हो म्हणायचं. ज्यांची पिशवी आधीच काढली आहे अशा दोन-तीन जणी गटात असतातच. तोंडासकट पूर्ण काढलेली असेल आणि कारण कॅन्सरचं नसेल, तर सहसा त्यांना या तपासणीची गरज नसते. पण कधी तोंड मागे ठेवलेलं असतं, म्हणून त्यांनी जुने कागद घेऊन यायचं. त्या जणी सत्रात गप्प बसतात. त्यांच्याशी वेगळं बोलावं लागतं.

उरलेल्या पंधरा मिनिटांचं महत्त्व कळायला याच गटातल्या लेव्हेन्थलचा १९६५चा एक प्रयोग बघावा लागतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती दिली. काहींना भीतिदायक, काहींना सौम्य. भीतिदायक माहितीने विद्यार्थी जास्त घाबरले, इंजेक्शन घेऊ म्हणाले, पण प्रत्यक्ष गेले तेवढेच. फरक पडला तो दुसऱ्या गोष्टीने. काही विद्यार्थ्यांना आरोग्य केंद्रावर गोल केलेला नकाशा दिला आणि आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जाणार ते ठरवायला सांगितलं. केंद्र कुठे आहे ते त्यांना आधीच ठाऊक होतं. तरी नकाशा मिळालेल्यांपैकी २८ टक्के गेले, न मिळालेल्यांपैकी ३ टक्के.

तेव्हा पंधरा मिनिटांत प्रत्येकीने स्वतःचा दिवस ठरवायचा. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात पुढच्या तीन आठवड्यांत सिस्टर कोणत्या वारी आहे ते सत्राआधीच पक्कं झालेलं असतं. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायच्या: तारीख, वेळ, कोणाबरोबर जाणार, घरी काय सांगणार. पाळीच्या दिवसांत तपासणी करत नाहीत, म्हणून तारीख पाळीच्या अंदाजाने धरायची. गरोदर असेल तिने बाळंतपणानंतर यायचं. आदल्या दोन दिवसांत संबंध आणि अंगात ठेवायच्या गोळ्या टाळायच्या. जोड्या लावल्या की जास्त चांगलं, कारण एकटीने जाताना वाटेत विचार बदलतो. घरी काय सांगणार हे तिथल्या तिथे दोघी-दोघींनी बोलून पाहायचं. सासूला गटातच बोलावलेलं असेल तर निम्मं काम झालेलं असतं.

आणि गावाचं कॅलेंडर बघायचं. ऑक्टोबरच्या अखेरीस टोळ्या उसाला निघून गेल्या की उरतात त्या म्हाताऱ्या आणि लेकरं. डिसेंबरमध्ये घेतलेलं सत्र कागदावर यशस्वी होतं, गाव मात्र तिथे नसतं. दसऱ्याच्या आधी किंवा टोळ्या परतल्यावर एप्रिल-मेमध्ये सत्र आणि तपासणी दोन्ही घ्यायची.

या मांडणीच्या मर्यादाही आहेत. ती बाईच्या मनात काय आहे ते सांगते. तिच्या हातात काय आहे ते सांगत नाही. नवऱ्याने नाही म्हटलं, रोज बुडाला, उपकेंद्रात आम्ल संपलं, सिस्टरची बदली झाली, या गोष्टी विश्वासाच्या नाहीत आणि त्यांवर आणखी एक सत्र हा उपाय नाही. म्हणून आखणारीने दोन्ही एकत्र पाहावं लागतं. सत्राची तारीख जाहीर करण्याआधी उपकेंद्रात आम्ल, हत्यारं, टॉर्च, पडदा आणि पॉझिटिव्ह आलेलीला पाठवायची जागा आहे का ते तपासायचं. यातलं एक जरी नसलं तरी सत्र पुढे ढकलायचं. बाई एकदा येऊन परत गेली की दुसऱ्यांदा येत नाही.

सत्र कसं झालं हे कळायला ‘गर्भाशयमुखाचा कॅन्सर कशामुळे होतो?’ असा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याचं उत्तर सत्रानंतर सगळ्यांना येतं. आशाताईंच्या वहीत सात रकाने पुरतात: आली, चिठ्ठी घेतली, उपकेंद्रात पोचली, तपासणी झाली, निकाल कळला, उपचार लागले का, झाले का. महिन्यानंतर रकाने कुठे रिकामे होत जातात ते दिसतं. बावीसपैकी वीसांनी चिठ्ठी घेतली आणि नऊ पोचल्या, तर अडचण वाटेत आहे. पंधरा पोचल्या आणि आठांचीच तपासणी झाली, तर अडचण उपकेंद्रात आहे. चिठ्ठीच चार जणींनी घेतली, तर सत्रातलं काहीतरी चुकलं आणि डबे पुन्हा बाहेर काढायला हवेत.

न आलेल्या प्रत्येकीच्या घरी आशाताई महिनाअखेर जातात आणि एकच विचारतात, “काय अडलं?” दटावणं नाही, पुन्हा भाषण नाही. ‘दुखेल म्हणून’ आणि ‘लाज वाटली’ असं म्हणणाऱ्यांना आधी जाऊन आलेली शेजारीण भेटवायची. ‘रानात काम होतं’ म्हणणारीला संध्याकाळची वेळ मिळते का हे सिस्टरला विचारायचं. ‘घरचे नको म्हणतात’ म्हणणारीच्या घरच्यांशी बोलायला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला न्यायचं. ‘गेले होते पण कोणी नव्हतं’ हे उत्तर वहीत लाल शाईने लिहून तालुक्याच्या बैठकीत ठेवायचं, कारण त्याचं उत्तर त्या बाईकडे नाही.